३.३ ला चालतं, ३.४ ला फुटतं: एक-मितीय एफडीटीडीमधलं अर्धं घर आणि वेळेची मर्यादा

प्रश्न: मी पुण्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पायथॉनमध्ये एक-मितीय एफडीटीडी, म्हणजे विद्युत क्षेत्र `E` आणि चुंबकीय क्षेत्र `H` ग्रिडवर पायरीपायरीने पुढे नेणारा प्रोग्रॅम, लिहिलंय: ६०० घरं, प्रत्येक घर १ मिलिमीटरचं, त्यात ४ घरं रुंदीचा गॉसियन पल्स. `dt` ३.३ पिकोसेकंद ठेवला की नीट चालतं. ३.४ केला की शंभरएक पायऱ्यांनंतर करवतीसारखी रेघ येते आणि बरंच पुढे गेल्यावर `nan`. घाबरून १.५ केला, तर फुटत नाही पण पल्सच्या मागे शेपटी येते. शिवाय पल्स फक्त उजवीकडे सोडला तरी एक छोटा पल्स डावीकडेही निघतो. `E` आणि `H` अर्ध्या घराने सरकवायचे म्हणजे अॅरेमध्ये नेमकं काय करायचं? आणि ही मर्यादा येते कुठून? पुढे उजव्या अर्ध्या भागात `eps = 4` टाकायचं आहे.

उत्तर:

प्रकाशाला १ मिलिमीटर ओलांडायला ३.३३६ पिकोसेकंद लागतात. तुमचे ३.३ या रेषेच्या अलीकडे आहेत, ३.४ पलीकडे. मर्यादा एवढीच. पण रेषा जेमतेम दोन टक्क्यांनी ओलांडली तर उत्तर दोन टक्क्यांनी चुकायला हवं होतं, पार फुटायचं कारण काय, हा खरा प्रश्न आहे. त्याच्याआधी डावीकडे जाणाऱ्या छोट्या पल्सचा निकाल लावू, कारण अर्ध्या घराची गोष्ट तिथेच दडलेली आहे.

आधी एकके बाजूला ठेवा. `H` ला मोकळ्या अवकाशाच्या ३७७ ओहम रोधाने गुणलं की `E` आणि `H` एकाच मापाचे होतात, आणि `dt`, `dx`, `c` हे तिघे मिळून एकच आकडा उरतो: `S = c*dt/dx`. याला कूरांट नंबर म्हणतात. एका पायरीत तरंग किती घरं पुढे जातो, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या ३.३ ला `S` ०.९८९ आहे, ३.४ ला १.०१९ आणि १.५ ला ०.४५. सगळा प्रोग्रॅम मग एवढाच उरतो:

```python
import numpy as np

N, S = 600, 1.0
E = np.zeros(N)
H = np.zeros(N - 1)
eps = np.ones(N)

for n in range(300):
    H += S * (E[1:] - E[:-1])
    E[1:-1] += S / eps[1:-1] * (H[1:] - H[:-1])
```

आता अर्धं घर. अॅरेमध्ये अर्धा इंडेक्स नसतो, `H[i+0.5]` लिहिता येत नाही, म्हणून बरेच जण गोंधळतात. ते अर्धं घर फक्त दोन जागी दिसतं: अॅरेच्या लांबीत आणि कोण कोणाच्या मध्ये बसतो या हिशेबात. कुंपणाचे ६०० खांब असतील तर त्यांच्या मधले गाळे ५९९. खांबांवर `E`, गाळ्यांच्या मध्यावर `H`. `H[i]` हा `E[i]` आणि `E[i+1]` यांच्या बरोबर मध्ये. म्हणून `H` ची लांबी `N - 1`. तुमच्या कोडमध्ये दोघांची लांबी सारखी असेल तर शेवटचा `H` कुंपणाबाहेर लोंबकळतोय, आणि तो कधीतरी त्रास देणार.

हे सरकवणं केन यी यांनी १९६६ च्या निबंधात मांडलं, आणि त्यामागचं कारण साधं आहे. दोन शेजारी खांबांवरच्या `E` ची वजाबाकी केली तर जो उतार मिळतो, तो त्या दोघांच्या मध्यबिंदूवर सगळ्यात अचूक असतो. त्याच मध्यबिंदूवर `H` बसलेला आहे, आणि फॅरडेच्या नियमाला `E` चा उतार तिथेच हवा आहे. `H` ची वजाबाकी केली की तिचा मध्य पुन्हा `E` च्या खांबावर पडतो. कोणालाच उसनं अंदाजपंचे मूल्य घ्यावं लागत नाही. याउलट दोघांना एकाच बिंदूवर ठेवून `np.gradient` वापरलं, तर उतार काढताना दोन घरं सोडून वजाबाकी होते. मग +१, −१, +१, −१ असा करवती आकार ग्रिडवर उमटला तरी `np.gradient` ला त्यात उतार शून्यच दिसतो. ग्रिड जणू सम आणि विषम अशा दोन वेगळ्या ग्रिडमध्ये फाटतं.

वेळेतही असंच अर्धं घर आहे, आणि तेच सहसा नजरेतून सुटतं. `E` वेळ ० ला माहीत असेल तर `H` वेळ −½ ला माहीत असतो. लूपमधली पहिली ओळ `H` ला +½ वर नेते, दुसरी `E` ला १ वर. दोघे एकमेकांवरून उड्या मारत पुढे जातात. म्हणून या दोन ओळी वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. कोणी `for i in range(N)` असा एकच लूप लिहून त्यात `E[i]` आणि `H[i]` दोन्ही बदलले, तर `H[i]` काढताना `E[i]` नवा आणि `E[i+1]` जुना अशी खिचडी होते. कोड चालतो, आलेखही तरंगासारखा दिसतो, फक्त उत्तर चुकीचं असतं.

तर तुमचा डावीकडे निघालेला पल्स. उजवीकडे जाणाऱ्या तरंगात या चिन्हांच्या पद्धतीत `H` हा `−E` इतका असतो, हे तुम्ही वापरलंच असणार, आणि बहुधा `H = -E[:-1]` असं लिहिलं असणार. पण `H[i]` तुमच्या `E[i]` पेक्षा अर्धं घर उजवीकडे आहे, आणि वेळेत अर्धी पायरी मागे. अर्धी पायरी आधी पल्स `S/2` घरं डावीकडे होता. म्हणजे `H[i]` मध्ये पल्सचं जे मूल्य हवं ते `i` चं नाही, `i + 0.5 + S/2` चं:

```python
w = 4
x = np.arange(N)
f = lambda s: np.exp(-((s - 150) / w)**2)
E = f(x)
H = -f(x[:-1] + 0.5 + S / 2)
```

`S = 1` घेतला तर ही शेवटची ओळ म्हणजे सरळ `H = -E[1:]`. एकदा हे कागदावर करून बघाच, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त `E[5] = 1` ठेवा, बाकी सगळे शून्य. मग `H[4] = −1`, कारण `H[i] = −E[i+1]`. पहिली ओळ चालवा: `H[4]` मध्ये `E[5] − E[4]`, म्हणजे १ मिळवला, झाला शून्य. `H[5]` मध्ये `E[6] − E[5]`, म्हणजे −१ मिळवला, झाला −१. दुसरी ओळ: `E[5]` मध्ये `H[5] − H[4]`, म्हणजे −१, झाला शून्य. `E[6]` मध्ये `H[6] − H[5]`, म्हणजे +१. एकटा १ पाचव्या खांबावरून सहाव्यावर गेला, मागे काही न सांडता. एका घराएवढा तीक्ष्ण टोकाचा पल्ससुद्धा `S = 1` ला हवेत जसाच्या तसा सरकतो. डेरिव्हेटिव्हच्या जागी वजाबाकी वापरूनही उत्तर तंतोतंत येतं, कारण जागेतली चूक आणि वेळेतली चूक इथे एकमेकींना पूर्ण खोडतात. वर्गात हे फळ्यावर केलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

आता तेच चुकीच्या `H` ने. दिलेला `H` आणि हवा असलेला `H` यांतला फरक `f(i+1) − f(i)`, म्हणजे जवळपास पल्सचा उतार. या जादा `H` चं निम्मं उजवीकडे जातं, निम्मं डावीकडे. गॉसियनचा सगळ्यात तीव्र उतार ०.८५८ भागिले `w` असतो. `w = 4` साठी तो ०.२१, त्याच्या निम्मा सुमारे ०.१०७. म्हणजे तुमचा डावा पल्स मुख्य पल्सच्या साधारण दहा टक्के असणार, आणि त्याचा आकार गॉसियनसारखा नसून एक उंचवटा आणि एक खड्डा असा असणार. आलेख जवळून बघा, तसाच दिसला तर निदान पक्कं. `w` पाचपट केला तर तो पाचपट लहान होईल. म्हणूनच रुंद पल्स घेणाऱ्यांना ही चूक वर्षानुवर्षं दिसत नाही.

मर्यादेकडे वळू. विसर्जनाच्या मिरवणुकीत एखाद्या मोठ्या ढोल पथकाची लांबलचक रांग डोळ्यासमोर आणा. गोंगाट इतका की प्रत्येकाला फक्त शेजारच्याचाच ढोल ऐकू येतो. पहिल्याने ठेका बदलला तर तो बदल एका ठोक्यात एकच माणूस पुढे जाणार, त्याहून जास्त नाही. आपल्या लूपमध्येही तसंच आहे: एका पायरीत `E[i]` ला जास्तीत जास्त `E[i−1]` आणि `E[i+1]` यांचीच खबर लागते. खरा तरंग जर एका पायरीत १.०१९ घरं जाणार असेल, तर ज्या जागेवरून तो येतो तिथली खबर हिशेबात पोचलेलीच नाही. बरोबर उत्तर द्यायला लागणारी माहितीच नाही म्हटल्यावर घरं कितीही बारीक केली तरी उत्तर खऱ्याकडे जाणार नाही. रिचर्ड कूरांट, कुर्ट फ्रीडरिक्स आणि हान्स लेवी यांनी १९२८ साली हे मांडलं तेव्हा संगणक नव्हते. त्यांना वजाबाकीच्या समीकरणांतून डिफरन्शियल समीकरणांचं उत्तर अस्तित्वात आहे हे सिद्ध करायचं होतं.

पण या दृष्टान्ताने ‘उत्तर चुकेल’ एवढंच कळतं, ‘फुटेल’ हे कळत नाही. त्यासाठी करवतीकडेच बघावं लागतं. `E` मध्ये +a, −a, +a, −a असा आकार आहे असं धरा. दोन्ही ओळी एकत्र करून `H` काढून टाकला, तर प्रत्येक खांबावर हे उरतं:

```
E_new = (2 - 4*S**2) * E_now - E_old
```

`S = 1` ला कंसात −२ येतात. आधीचं मूल्य −१ आणि आत्ताचं +१ असेल तर नवं −२ + १ = −१. दर पायरीला चिन्ह उलटतं, उंची तेवढीच राहते. झोका काठोकाठ जातोय, पण पलीकडे नाही. आता तुमचा ३.४ घ्या. `S` चा वर्ग १.०३९, कंसात −२.१५६. −१ आणि +१ पासून सुरुवात केली तर पुढची मूल्यं −१.१६, १.४९, −२.०६, २.९५ अशी येतात. दर पायरीला झोका उलट दिशेला मागच्यापेक्षा जास्त जातो, आणि ही वाढ लवकरच ठरावीक पटीवर येते:

```
g = (S + sqrt(S**2 - 1))**2
```

१.०१९ साठी ही पट १.४८. करवतीपेक्षा लांब तरंगांना `S` च्या जागी `S` गुणिले साइनचा एक गुणक लागतो, आणि हा गुणाकार एकापेक्षा कमी असेल तोवर ते शाबूत राहतात. म्हणूनच तुमचा पल्स स्वतः बिघडत नाही, त्याच्या अंगावर दात फुटतात. फक्त दोन-सव्वादोन घरांएवढ्या लांबीचे तरंगच वाढतात.

मग तुम्ही करवत घातलेलीच नसताना ती आली कुठून? फ्लोटिंग पॉइंटच्या राउंडिंगमधून. पायथॉनचे आकडे साधारण सोळा अंकांपर्यंत अचूक असतात, त्यापलीकडचं शेपूट दर बेरजेला कापलं जातं. त्या कापाकापीत १०⁻¹⁶ च्या आसपासची करवत नेहमीच असते. दर पायरीला १.४८ पट वाढून तिला १ पर्यंत पोचायला शंभरच्या आसपास पायऱ्या लागतात, म्हणजे तुम्ही पाहिलंत तेच. आणि १.४८ पटीनेच १०³⁰⁸ ही डबल प्रिसिजनची कमाल ओलांडायला आणखी सुमारे १८०० पायऱ्या. `nan` दिसतो तेव्हा रोग खूप जुना झालेला असतो. `nan` शोधत बसू नका, दर पायरीला `np.abs(E).max()` जमा करून लॉगरिदमिक अक्षावर काढा. सपाट रेघ अचानक सरळ चढायला लागली तर तिच्या चढावरून `g` आणि `g` वरून `S` काढता येतो.

इथे एक खबरदारी. फुटण्याचं कारण प्रत्येक वेळी `S` नसतं. दोनपैकी एका ओळीत चिन्ह चुकलं तरी फुटतं, आणि तेही करवतीसारखंच दिसतं. पण तिथे `S = 1` ला पट ५.८ असते, वीस-पंचवीस पायऱ्यांत खेळ खलास, आणि कुठल्याही खांबावरचं मूल्य दर पायरीला चिन्ह बदलत नाही, एकाच दिशेला पळत सुटतं. `dt` निम्मा करूनही फुटत असेल तर आधी चिन्हं तपासा.

माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण ती तुमच्या वाटेवरच आहे. विद्यार्थी असताना मी एकके न काढता, `eps0` आणि `mu0` घालूनच कोड लिहिला होता. `dt` बरोबर `dx / 299792458` घेतला, म्हणजे `S = 1`, जादूची पायरी. पाचशे पायऱ्यांपर्यंत सुंदर. गाइडना दाखवायला म्हणून दोन हजार पायऱ्या रात्री लावल्या आणि सकाळी आलेखात गवत उगवलेलं. आठवडाभर मी सीमेवरच्या ओळींना दोष देत होतो. चूक अशी होती की `eps0` मी सवयीने `8.85e-12` लिहिलं होतं. त्या आकड्यातून निघणारा प्रकाशाचा वेग `2.99863e8` येतो, खऱ्यापेक्षा किंचित जास्त, आणि लूपला तोच वेग माहीत असतो. म्हणजे खरा `S` १.०००२३७ होता. पट १.०४४, आणि सोळा दशांश स्थळं चढून यायला नऊशेच्या आसपास पायऱ्या. `8.854e-12` लिहिलं असतं तरी सुटका नव्हती, फक्त चारेक हजार पायऱ्यांपर्यंत कळलं नसतं. तेव्हापासून मी लूपमध्ये `S` सोडून दुसरा कुठलाही भौतिक आकडा येऊ देत नाही. मिलिमीटर आणि पिकोसेकंद फक्त आलेखाच्या अक्षांवर.

शेपटीचं कारण याच्या अगदी उलट आहे. `S = 1` ला जागेतली आणि वेळेतली चूक एकमेकींना खोडतात असं वर म्हटलं. `dt` कमी केला की वेळेतली चूक कमी होते, पण जागेतली तेवढीच राहते, आणि तिला खोडणारं कोणी उरत नाही. म्हणून ‘पायरी बारीक तर उत्तर अचूक’ ही आपली नेहमीची समजूत इथे फसते. ग्रिडवर आखूड तरंग थोडे हळू चालतात. तरंगांच्या गटाचा वेग साधारण `(2*pi/L)**2 * (1 - S**2) / 8` इतक्या भागाने कमी पडतो, `L` म्हणजे तरंगलांबी घरांमध्ये. चार घरं रुंदीच्या पल्समध्ये साडेबारा घरं लांबीचे तरंग भरपूर असतात. त्यांच्यासाठी `S = 0.45` ला ही तूट अडीच टक्के, म्हणजे ३०० घरं चालल्यावर ते साडेसात घरं मागे. पल्स स्वतः चार घरांचा आणि त्याचा एक भाग साडेसात घरं मागे, तीच तुमची शेपटी. `dt` आणखी दहापट कमी केला तर ती साडेनऊ घरांपर्यंत लांबेल आणि वेळ दहापट जाईल. तुमच्या ३.३ ला मात्र तूट ३०० घरांत फक्त ०.२ घरं आहे. उपाय दोनच: `S` मर्यादेला चिकटून ठेवा, आणि पल्सला घरं जास्त द्या.

दुसरा उपाय `eps = 4` टाकताना टाळता येणार नाही. तिथे, म्हणजे काचेसारख्या माध्यमात, प्रकाशाचा वेग निम्मा, म्हणून त्या भागातला `S` आपोआप ०.५ होतो. स्थिरतेला धोका नाही, मर्यादा ग्रिडवरच्या सगळ्यात वेगवान माध्यमाने ठरते आणि ते म्हणजे डावीकडची हवा. पण हवेतली जादू काचेत चालत नाही, शिवाय पल्स तिथे दबून निम्म्या रुंदीचा होतो. तुमचा चार घरांचा पल्स दोन घरांचा होईल आणि शेपटीशिवाय काही दिसणार नाही. `w = 20` घ्या. सीमा ३०० व्या खांबावर हवी असेल तर:

```python
eps[301:] = 4.0
eps[300] = 2.5
```

२.५ ही हवा आणि काच यांची सरासरी, कारण ३०० व्या खांबाच्या अखत्यारीत अर्धं घर हवेचं आहे आणि अर्धं काचेचं. ही ओळ न घालता `eps[300:] = 4.0` लिहिलंत तर काही फुटत नाही, फक्त सीमा खरं तर २९९.५ वर जाते आणि तुम्ही ती ३०० वर समजता.

आता `S = 1` ठेवून ३०० पायऱ्या चालवा आणि आलेख उघडण्याआधी उत्तर कागदावर लिहा. पल्सचा मध्य १५० वरून निघून १५० व्या पायरीला सीमेवर पोचतो. उरलेल्या १५० पायऱ्यांत परतलेला पल्स पुन्हा १५० वर येतो, आत गेलेला निम्म्या वेगाने ३७५ वर. अपवर्तनांक १ आणि २, म्हणून परतलेल्याची उंची −१/३ आणि आत गेलेल्याची २/३. परतलेला उलटा दिसला पाहिजे. आत गेलेला दहा घरं रुंदीचा, आणि त्याचा मध्य ७५ घरांच्या प्रवासात पाव घराहूनही कमी मागे पडलेला. शेवटी `np.sum(eps * E**2)` सुरुवातीला आणि शेवटी काढून बघा: परतलेल्याच्या वाट्याला एक नवमांश, आत गेलेल्याच्या वाट्याला आठ नवमांश, बेरीज जवळपास जिथल्या तिथे. मात्र दोन पल्स एकमेकांपासून सुटे झाल्यावरच हे ताडा, सीमेवर ते एकमेकांत मिसळलेले असताना ऊर्जेचा काही भाग `H` कडे असतो आणि `E` ची एकट्याची बेरीज हलते.

पायऱ्या वाढवल्या की परतलेला पल्स डाव्या टोकाला जाऊन आदळेल. तिथे `E[0]` कायम शून्य आहे, म्हणजे धातूची भिंत, पल्स उलटा होऊन परत येतो. तो निघून जायला हवा असेल तर हवेत `S = 1` असताना काम सोपं आहे, कारण `E[0]` चं नवं मूल्य म्हणजे `E[1]` चं एक पायरी आधीचं मूल्य, तंतोतंत. उजव्या टोकाला काचेत एक घर ओलांडायला दोन पायऱ्या लागतात, म्हणून तिथे `E[-2]` चं दोन पायऱ्या आधीचं:

```python
r1 = r2 = 0.0
for n in range(1200):
    H += S * (E[1:] - E[:-1])
    left = E[1]
    r2, r1 = r1, E[-2]
    E[1:-1] += S / eps[1:-1] * (H[1:] - H[:-1])
    E[0], E[-1] = left, r2
```

डावीकडून काहीच परतणार नाही. उजवीकडून अगदी बारीक खूण परतेल, कारण काचेतला ग्रिडचा वेग बरोबर अर्धा नाही, किंचित कमी आहे. `left = E[1]` ही ओळ `E` बदलण्याच्या आधीच हवी, आणि ती एका आकड्याची आहे म्हणून चालते. कोणी शहाणपणा करून `old = E` लिहिलं आणि नंतर `old[1]` वापरलं, तर ती प्रत नसून त्याच अॅरेचं दुसरं नाव असतं. `E` बदलला की `old` ही बदलतो, आणि टोकावरून एक वेडावाकडा पल्स परत येत राहतो.